शनिवारची दुपार आणि रविवारची रात्र : दोन घरांत वाढणाऱ्या मुलीची झोप

म्युनिकमध्ये राहणाऱ्या एका वाचक आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पती-पत्नी वर्षभरापूर्वी विभक्त झाले आहेत. दोन महिन्यांसाठी त्या सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन सोलापूरला माहेरी आल्या आहेत. मुलगी आठवडाभर जुळे सोलापुरात आईजवळ असते, तर शनिवार-रविवार भवानी पेठेत वडिलांच्या आईवडिलांकडे राहते. तिथे ती रात्री पावणेअकरापर्यंत झोपत नाही आणि रविवारी रात्री परत आल्यावर तासाभरात रडत उठते. आजी-आजोबांचे लाड हेच याचे कारण आहे का आणि त्यांना कसे सांगावे, असे त्या विचारतात.

लाडांकडे वळण्याआधी त्यांनी पाठवलेल्या वेळा पाहू. आईकडे मुलगी सकाळी सातला उठते, दुपारी दीड ते तीन झोपते आणि रात्री साडेआठला झोपी जाते. दिवसाची एकूण झोप बारा तास होते. एक ते दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप लागते, तेव्हा हे प्रमाण उत्तम आहे. शनिवारी मात्र तिला बाराच्या सुमारास रिक्षाने नेले जाते. उन्हात, रिक्षाच्या हेलकाव्यात तिचा वीस मिनिटे डोळा लागतो. त्या डुलकीने भूक मोडावी तशी झोप मोडते, त्यामुळे जेवण झाल्यावरही ती साडेतीनपर्यंत खेळत राहते आणि मग साडेपाचपर्यंत झोपते. झोपलेल्या लेकराला उठवू नये, ही आपल्या घरांतली जुनी रीत असल्यामुळे आजी तिला उठवत नाहीत.

आता दोन्ही घरांतला दुपारी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा काळ मोजावा. आईकडे तीन ते साडेआठ म्हणजे साडेपाच तास, आजीकडे साडेपाच ते पावणेअकरा म्हणजे सव्वापाच तास. मुलगी दोन्हीकडे जवळजवळ सारखाच वेळ जागी राहते. तिची रात्र कोणी लांबवलेली नाही, ती दुपारच्या मागोमाग सरकली आहे. या वयात दुपारची झोप संपल्यापासून साधारण पाच तासांनी पुन्हा झोप येण्याइतका थकवा साचतो. सकाळी मात्र घरातल्या वर्दळीने ती साडेसातला जागी होते, त्यामुळे डुलकी धरूनही एकूण झोप अकरा तासांवर येते आणि रविवारी चिडचिड दिसू लागते.

म्हणून पहिला बदल नेण्याच्या वेळेत करावा. शनिवारी सकाळी नऊला, ऊन चढण्याआधी तिला पोहोचवावे. त्या वेळी ती ताजीतवानी असल्याने रिक्षात सहसा डोळा लागत नाही. जेवण बाराला आणि झोप दीडच्या आत व्हावी, आणि कितीही गाढ झोपली असली तरी साडेतीनला पडदे उघडून तिला हलकेच उठवावे. काही कारणाने झोप उशिरा लागलीच, तर ती पाऊण तासावर आवरावी.

रविवारी रात्री रडत उठण्याचे कारण वेगळे आहे. जेवण आटोपून साडेआठला निघाल्यावर मुलगी रिक्षात आजीच्या मांडीवर झोपते आणि तिला तशीच उचलून आईकडच्या गादीवर ठेवले जाते. लहान मुलांची झोप साधारण तासाभराच्या टप्प्यांची असते, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मूल अर्धवट जागे होते. डोळा लागताना जे भोवती होते तेच तेव्हाही असले, तर ते कूस बदलून पुन्हा झोपते. इथे मांडी नाही, हेलकावे नाहीत, खोलीही दुसरीच आहे. ते पाहून ती घाबरून पूर्ण जागी होते. उपाय एवढाच, की रविवारी सहापर्यंत तिला परत आणावे. जेवण, आंघोळ आणि झोप त्याच घरात व्हावी, म्हणजे डोळे मिटताना आपण कुठे आहोत हे तिला ठाऊक असेल.

यावरून दोन्ही घरांत काय सारखे असावे, तेही ठरते. आजीकडचे जेवण, खेळ, शेजारची मुले, आजोबांबरोबर संध्याकाळची फेरी हे सगळे वेगळे असू द्यावे. त्याने झोप बिघडत नाही. सारखा असावा तो शेवटचा अर्धा तास, आणि तोही त्याच क्रमाने : दूध, दात घासणे, मंद दिवा, एकच पुस्तक, एकच अंगाई. आठ वाजता टीव्हीवरची मालिका बंद करणे आजींना जड जाईल, हे मी जाणतो. ती दुसऱ्या खोलीत चालू राहिली तरी चालेल, मात्र पडद्याचा उजेड आणि गोंगाट मुलीपर्यंत येता कामा नये. थोपटणेही सोडायला नको. फक्त मांडीवर झोपवून मग खाली ठेवण्याऐवजी तिला जागी असतानाच गादीवर निजवावे आणि तिथेच थोपटावे. तिची रोजची सोलापुरी चादर पिशवीतून तिच्याबरोबर जाऊ द्यावी, आणि ती प्रत्येक फेरीत धुऊन टाकू नये, कारण मुलांना ओळखीचा वास हवा असतो.

बदल लागू पडतो आहे की नाही, हे तीन नोंदींवरून कळते : सकाळी किती वाजता उठली, दुपारची झोप कधी संपली, रात्री कधी झोपली. या नोंदी दोन्ही घरांनी व्हॉट्सअॅपवर कळवाव्यात, शेरा न मारता. अंथरुणावर पडल्यावर तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत असेल, तर दुपार लांबली आहे. उलट पडताक्षणी झोपून रात्री वारंवार उठत असेल किंवा पहाटे पाचला जागी होत असेल, तर ती अतिथकलेली आहे. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी निजवावे. तीन शनिवार-रविवार झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आईवडील विभक्त झाल्यानंतर कोणतेही घर बदलताना पहिल्या एक-दोन रात्री मुले अधिक बिलगतात, आणि तो त्या घराचा दोष नसतो. या नोंदी ताब्याच्या वादात पुरावा म्हणून वापरण्याचा मोहही टाळावा, कारण तसे होताच दुसरे घर खऱ्या वेळा कळवणे बंद करते. मूल बहुतेक रात्री मोठ्याने घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

परदेशातून येणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. उन्हाळ्यात जर्मनी आणि भारत यांत साडेतीन तासांचा फरक असतो, म्हणून पहिल्या दिवशी सोलापुरातले रात्रीचे साडेआठ तिच्या शरीराला संध्याकाळचे पाचच वाटतात. पहिल्याच सकाळी सहाला उठवून उन्हात नेऊ नये. तो तिच्या शरीराच्या मध्यरात्रीचा सुमार असतो, आणि तेव्हाच्या उजेडाने घड्याळ उलट मागे पडू शकते. नऊच्या सुमारास उठवून, उजेडात खेळवून, मग रोज अर्धा-पाऊण तास अलीकडे आणावे. हे बसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस आजीकडचा मुक्काम पुढे ढकलावा. परतल्यावर याच्या उलट घडेल : ती पहाटे साडेतीनला उठून बसेल. तेव्हा म्युनिकमध्ये वडिलांकडचा पहिला मुक्कामही आठवडाभराने ठेवावा, आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा हाच क्रम त्यांनाही आधी लिहून द्यावा.