'सेक्युलरायझेशन' म्हणजे निधर्मीकरण का?

प्रश्न: "समाजशास्त्रात, समाज आधुनिक होतो तसा धर्माचा प्रभाव कमी होतो असे सांगणारा 'सेक्युलरायझेशन थिसिस' असतो, त्याला मराठीत 'निधर्मीकरणाचा सिद्धान्त' म्हणावे का? आणि इंदूरसारख्या शहरात दरवर्षी गणपतीच्या मिरवणुकीत झांक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे, निघतात, म्हणजे तो खोटाच ठरला ना?"

'निधर्मीकरण' मुळीच नको. हा शब्द व्याख्यानांतून ऐकून कान किटले आहेत. निधर्मी म्हणजे धर्म नसलेला. 'सेक्युलर' ज्या लॅटिन 'सेक्युलम'वरून आला त्यात धर्माचा नकार नाहीच, तिथे आहे काळ. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांची कालगणना सेन्सोरिनस या रोमन लेखकाने नोंदवली आहे. नगर वसले त्या दिवशी जन्मलेल्यांपैकी सर्वांत जास्त जगलेला माणूस गेला की पहिले सेक्युलम संपले. त्या दिवशी हयात असलेल्यांतला शेवटचा गेला की दुसरे. माणसांच्या आयुष्यावर मोजलेले युग! पुढे ख्रिस्ती लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'हे चालू युग, हा संसार' असा झाला. मठाबाहेर, लोकांत राहणारा पाद्री तो 'सेक्युलर', आणि तो पुरता पाद्रीच असे. म्हणून मी 'ऐहिकीकरण' म्हणतो. कोशकार 'धर्मनिरपेक्षीकरण' सुचवतात, पण तो शब्द शासनाच्या धोरणाला शोभतो. समाजात आपोआप घडत जाणाऱ्या बदलाला तो लावणे साफ चूक आहे.

सिद्धान्ताचे म्हणाल तर समाजशास्त्रज्ञ होझे कासानोव्हाने १९९४ मध्ये त्याचे तीन धागे सुटे केले: राज्य, बाजार, विज्ञान धर्मापासून वेगळे होतात, श्रद्धा ओसरते, धर्म घरापुरता उरतो. त्याच्या मते पहिलाच धागा भक्कम आहे. आधुनिकतेने धर्म ओसरेल असे म्हणणाऱ्या समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गरने तर १९९९ मध्ये आपले मत जाहीरपणे फिरवले.

आता आपल्या झांक्या पाहा. अनंत चतुर्दशीच्या रात्री त्या काढल्या कापडगिरण्यांनी: हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरणीत पाळ्या भोंग्यावर चालत आणि पगार हजेरीवर मिळे. त्या हिशेबात देवाला जागा नव्हती. पहिला धागा इथे पुरा दिसतो. पण त्याच कामगारांनी गणपती रस्त्यावर आणला, तिथे तिसरा तुटला. समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह ब्रूस सिद्धान्ताची बाजू घेऊन म्हणेल की धर्माला दुसरे काम मिळाले की तो टिकतो. गावाकडून आलेल्यांना नव्या शहरात ओळख हवी असते, ती धर्म देतो. हे मला पटते, पण अर्धेच. ते काम संपल्यावर झांकी थांबायला हवी होती. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांचा थकबाकीचा लढा तीन दशके चालला, आणि झांकी निघतच राहिली. ब्रूसचे समर्थक म्हणतील की ओळखीची गरज संपलीच नव्हती, गिरणी गेल्यावर ती वाढली. मग कोणते काम संपल्यावर धर्म ओसरेल हे त्यांनी आधी सांगावे. मागाहून प्रत्येक वेळी नवे काम शोधता येत असेल, तर तो सिद्धान्त तपासायचा कसा?

आणि मिरवणुकीवरून श्रद्धा वाढली की घटली, हे ठरत नाही. दुसऱ्या धाग्यासाठी घराघरांतली नित्यपूजा, उपास, मुंजी पाहाव्या लागतील.