भाषा-देवाणघेवाणीच्या गप्पांत वेळ कसा वाटून घ्यायचा, जोडीदाराला न दुखावता चुका कशा सांगायच्या आणि विषय कोणते घ्यायचे?

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर गोव्यात फोंड्याला आले. शेजारी राहणाऱ्या नर्सबाई सासष्टीच्या. त्यांच्याकडे सिंधुदुर्गातले पेशंट येतात, म्हणून त्यांना मराठी हवं होतं आणि मला कोकणी. दर रविवारी अर्धा तास मराठी, अर्धा तास कोकणी. मोबाईलवर टायमर लावायचाच. आम्हाला एकमेकींचं बरंचसं कळतं, त्यामुळे टायमर नसला की दहा मिनिटांत सगळं मराठीवर येतं आणि त्या दिवसाची कोकणी बुडते.

माझी चूक चुका सांगण्यात झाली. कोकणीत ‘हांव येतां’ बाई म्हणो की पुरुष, तेच राहतं. त्यामुळे त्या मराठीतही ‘मी उद्या येता’ म्हणायच्या. मी दर वेळी मध्येच तोडायचे, ‘येता नाही, येते.’ महिन्याभरात त्यांची वाक्यं आखडली, नुसतं ‘हां, हो’ उरलं. वाक्यं अशी लहान होऊ लागली की समजावं, आपण फार टोकतोय.

मग बरोबर रूप सहज परत म्हणायचं ठरवलं. ‘अच्छा, तुम्ही उद्या येता?’ इथे मी फसले. त्या वयाने मोठ्या, मी ‘तुम्ही’च म्हणणार, आणि ‘तुम्ही’ला ‘येता’च लागतं. म्हणजे त्यांची चूक मीच पक्की करत होते! उपाय निघाला तो स्वतःबद्दल बोलण्याचा. ‘मी पण सहाला उठते, चहा करते, मग बाजारात जाते.’ तिसऱ्या रविवारी त्या आपणहून ‘मी ड्युटीला जाते’ म्हणाल्या. बाकीच्या चुका मी वहीत टिपते आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोनच सांगते, ज्या पुन्हा पुन्हा होतात किंवा अर्थ बिघडवतात त्या.

विषयही यावरूनच निवडा. जे रूप अडतं ते पुन्हा पुन्हा यायला लावणारा विषय घ्या. ‘येते-जाते’साठी दिनक्रम, भूतकाळासाठी कालचा बाजार. छंद वगैरे पाच मिनिटांत संपतात.

बाजारावरून आठवलं. त्या एकदा म्हणाल्या, ‘आयज नुस्तें मेळूंक ना.’ मी विचारलं, ‘नुसतं काय मिळालं नाही?’ नुस्तें म्हणजे मासे! आमचे दीर अजून म्हणतात, कोकणी म्हणजे मराठीच, त्यात शिकायचं काय. भाऊजी, मला हा शब्द शिकावा लागला. आणि जोडीदाराच्या भाषेच्या अर्ध्या तासात ‘मराठीत असं नाही म्हणत’ हे वाक्य तोंडातून काढूच नये. मी काढलं होतं, तेव्हा त्या उठून गेल्या होत्या.

हे सगळं जवळच्या भाषांचं. जोडीदार पोर्तुगीज शिकवत असेल आणि तुम्ही अगदी नवे असाल, तर अर्धा तास झेपणार नाही. दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या करा आणि अडलेला शब्द मराठीत विचारा.