काउंटरफोर्ट भिंत : सळई कुठल्या तोंडाला?

प्रश्न : सर, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका डिझाइन कन्सल्टन्सीच्या मुलाखतीत मला काउंटरफोर्ट रिटेनिंग वॉलची सळई कागदावर काढून दाखवायला सांगितली. मी कॅन्टिलिव्हर भिंतीसारखी उभी सळई काढली आणि तिथेच गाडी अडली. सॉफ्टवेअर मला चांगलं येतं. मी डिझाइनमध्ये जावं, की साइटच बरी?

उत्तर : आकडेमोड येते की नाही, हे त्यांना बघायचंच नव्हतं. मातीचा दाब कुठल्या वाटेने पायापर्यंत जातो हे तुला दिसतं का, एवढंच बघायचं होतं. एक भिंत हाताने सोडव, म्हणजे तुझं तुलाच कळेल की हे काम तुला आवडतं का.

बेस स्लॅबच्या वर ७ मीटर माती आहे असं धर. मातीचं वजन दर घनमीटरला १८ किलोन्यूटन, घर्षणकोन ३० अंश, म्हणून दाबाचा गुणांक एक तृतीयांश. तळाशी दाब येतो दर चौरस मीटरला ४२ किलोन्यूटन. ही भिंत साधी कॅन्टिलिव्हर असती, तर तळाशी दर मीटर लांबीला ३४३ किलोन्यूटन-मीटर मोमेंट आला असता. आता मातीच्या बाजूला दर ३ मीटरवर काउंटरफोर्ट दे. स्टेम आता खालून वर वाकत नाही. एका काउंटरफोर्टपासून दुसऱ्यापर्यंत आडवा वाकतो. तळाची १ मीटर उंचीची पट्टी घे आणि ती अखंड स्लॅबसारखी सोडव. आधाराशी मोमेंट म्हणजे दाब गुणिले अंतराचा वर्ग भागिले १२, म्हणजे ३१.५. मधोमध भागिले १६, म्हणजे साधारण २३.६. कुठे ३४३ आणि कुठे ३१.५! मुख्य सळई आडवी का, हे इथे उघड होतं. वर जाल तसा दाब कमी होतो, म्हणून सळयांमधलं अंतर वाढवत न्यायचं.

आता तोंड ठरव. माती स्लॅबला बाहेर ढकलते आणि काउंटरफोर्ट त्याला मागे धरून ठेवतो. म्हणून काउंटरफोर्टपाशी ताण मातीच्या तोंडाला, दोन काउंटरफोर्टच्या मध्ये ताण दर्शनी तोंडाला. हील स्लॅबचंही तसंच. वरच्या मातीचं वजन खालून येणाऱ्या दाबापेक्षा जास्त असतं, त्यामुळे हील काउंटरफोर्टला अक्षरशः लटकलेली असते : काउंटरफोर्टखाली सळई वरच्या तोंडाला, मधोमध खालच्या. टो मात्र बहुतेक वेळा साधी कॅन्टिलिव्हरच, तिची सळई खाली.

स्टेम काउंटरफोर्टपासून सुटू पाहतो, ही गोष्ट बरेच जण विसरतात. तळाच्या मीटरभर उंचीत ही ओढ ४२ गुणिले ३, म्हणजे १२६ किलोन्यूटन. दीडपट करून ५०० ग्रेडच्या सळईने घेतली, तर साधारण ४३४ चौरस मिलिमीटर लागतात. ८ मिमीच्या दुपायी आडव्या रिंगा २०० मिमीवर दिल्या की भागतं. हीलला काउंटरफोर्टशी बांधणाऱ्या उभ्या सळया वेगळ्या. या नसतील, तर बाकीचं गणित कितीही बरोबर असो, भिंत काउंटरफोर्टच्या रेषेत उकलते.

आणि ‘अखंड’ या गृहीतकाला मर्यादा आहेत. पहिली म्हणजे सांधा. एक्स्पान्शन जॉइंट दोन काउंटरफोर्टच्या बरोबर मधोमध ठेवला, तर दोन्हीकडे दीड मीटर स्लॅब नुसता लोंबकळतो आणि काउंटरफोर्टपाशी मोमेंट ४७ वर जातो, म्हणजे नेहमीच्या दीडपट. हा लोंबता भाग अंतराच्या ०.४ पटीवर, इथे १.२ मीटरवर आणला, तर तो ३० होतो आणि आतल्या आधारांशी जवळपास जुळतो. जॉइंटपाशी काउंटरफोर्ट नेहमीपेक्षा जवळ का असतात, याचं कारण हेच. दुसरी मर्यादा तळाची. तिथे स्टेम बेस स्लॅबलाही जोडलेला असतो, त्यामुळे खालच्या मीटरभरात तो उभाही वाकतो. तिथे मातीच्या तोंडाला उभी सळई हवीच. म्हणजे तू काढलेली सळई अगदीच टाकाऊ नव्हती, फक्त ती मुख्य नव्हती.

साइट की डिझाइन, तर माझं मत असं : सॉफ्टवेअरचा मोमेंटचा रंगीत नकाशा बघून ‘ही सळई कुठल्या तोंडाला’ हा प्रश्न तुला आपसूक पडत असेल, तर आधी डिझाइनची वाट धर. तो ओढून-ताणून पडत असेल, तर दोन वर्षं साइटवर बार बेंडिंग शेड्युल तपास, मग परत विचार कर. पुढच्या मुलाखतीला जाण्याआधी हीच ७ मीटरची भिंत आडव्या आणि उभ्या छेदासह ए-३ कागदावर हाताने काढ, जॉइंटपाशी कुठले काउंटरफोर्ट जवळ घेतलेस ते दाखव, आणि तो कागद सोबत ने.