आधी मार्जिनचा हिशोब, मग जाहिरात

प्रश्न: आमच्या व्यापारी संघटनेच्या सभेत मला दहा मिनिटं बोलायचं आहे. ऑनलाइन जाहिरातीवर प्रत्येकाने महिनाभर ९ हजार लावून बघावेत, असं मला वाटतं. पण बहुतेक दुकानदार म्हणतात, "पैसे पाण्यात जातील." त्यांना कसं पटवू? आणि हा आकडा बरोबर आहे का?

उत्तर: आकडा काही दुकानांसाठी बरोबर आहे आणि काहींसाठी साफ चुकीचा. म्हणून सगळ्यांना एकच रक्कम सांगू नका. जो दुकानदार आधीच साशंक आहे, त्याला मोघम बोलणं लगेच कळतं. त्याच्यासमोर त्याच्याच गल्ल्याचा हिशोब मांडा.

भाषणाची सुरुवात फळ्यावर करा. समजा, एका दुकानाचं सरासरी बिल १२०० चं आहे आणि मालाची किंमत वजा जाता शंभरात २५ उरतात. म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकामागे ३०० सुटतात. ९ हजार वसूल व्हायला ३० नवी गिऱ्हाइकं हवीत. आता जाहिरातीवरच्या एका क्लिकला १० पडतात असं धरू. हा दर धंद्याप्रमाणे खूप बदलतो, त्यामुळे प्रत्येकाने आपला दर पहिल्या आठवड्यात स्वतः बघायचा. या दराने ९०० क्लिक मिळतील. त्यातून ३० जणांनी खरेदी करायची, म्हणजे तिसातल्या एकाने. हे अवघड आहे, पण अशक्य नाही. इथे पैसे लावून बघण्यात अर्थ आहे.

लगेच शेजारी दुसरं दुकान मांडा. बिल ५०० चं, मार्जिन ८ टक्के. गिऱ्हाइकामागे ४० सुटतात. तेच ९ हजार वसूल करायला २२५ गिऱ्हाइकं लागतात, म्हणजे क्लिक करणाऱ्या दर चारातल्या एकाने खरेदी करायला हवी. या दुकानदाराला सभेतच सांगा, "तुम्ही नका लावू." तीच गिऱ्हाइकं वर्षभर पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या बिलबुकातून दिसत असेल तरच त्याचा हिशोब बदलतो. नुसत्या "येतील की" वर नाही. हा नकार तुमच्या तोंडून ऐकला की बाकीच्यांना पटेल, तुम्ही जाहिरात विकायला उभे नाही आहात.

आता रकमेकडे येऊ. "मग हजारच लावून बघतो," असं कोणीतरी म्हणेलच. ते सुरक्षित वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही. हजारात १०० क्लिक मिळतात आणि तिसात एक या हिशोबाने ३ गिऱ्हाइकं अपेक्षित असतात. एवढ्या लहान आकड्यात निव्वळ योगायोगाने एकही येणार नाही किंवा सहा येतील, आणि दोन्ही वेळा निष्कर्ष चुकीचा निघेल. ३० अपेक्षित असतील तर योगायोगाचा खेळ साधारण २० ते ४० च्या दरम्यान चालतो, आणि त्यातून निदान दिशा कळते. ९ हजाराला आधार आहे तो एवढाच. वरची मर्यादा मात्र वेगळ्या गोष्टीने ठरते: पूर्ण रक्कम गेली तरी पुरवठादाराचं देणं आणि नोकरांचा पगार वेळेवर झाला पाहिजे. उसने घेऊन हा प्रयोग कोणीही करू नये. ज्याला ही रक्कम जड आहे, त्याने थांबावं.

दुकानदारांचा खरा आक्षेप पुढे येईल: "आलेलं गिऱ्हाईक जाहिरातीमुळेच आलं, हे कशावरून?" हा प्रश्न टाळू नका, कारण तो रास्त आहे. ईबे या मोठ्या कंपनीवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कंपनीच्या स्वतःच्या नावावर लावलेल्या सर्च जाहिराती बंद केल्या, तेव्हा जवळपास काहीच बिघडलं नाही. ती माणसं नाव माहीत असल्याने तशीही येतच होती. मालाच्या शब्दांवरच्या जाहिरातींचा फायदा दिसला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांमध्ये. यातून तुमच्या सभासदांनी घ्यायचं ते असं: स्वतःच्या दुकानाच्या नावावर जाहिरात लावू नका, लोक जो माल शोधतात त्याच्या शब्दांवर लावा. आणि जुन्या गिऱ्हाइकांना हिशोबात धरू नका.

महिन्याची एकूण विक्री वाढली का, यावरूनही काही ठरवता येत नाही. दुकानाची विक्री दर महिन्याला इतकी खालीवर होत असते की त्यात ३० बिलं कुठे हरवली ते कळणारही नाही. म्हणून गिऱ्हाईक एकेक मोजावं लागतं. काउंटरवर एक साधी वही ठेवा आणि त्यात चार रकाने करा: तारीख, जुनं की नवं, कुठून आलं, बिल किती. फक्त "कुठून कळलं?" असं विचारलं तर लोक "नेटवर पाहिलं" म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा जाहिरातीत वेगळा फोन नंबर द्या, किंवा फक्त तिथेच दिसणारा एक शब्द ठेवा, जो दुकानात सांगितला की थोडी सूट मिळेल. सूटही खर्चात धरायची. १२०० च्या बिलावर ५ टक्के सूट दिली तर ६० गेले, उरले २४०, आणि लागणारी गिऱ्हाइकं ३० वरून ३८ वर गेली. हा फरक फळ्यावर लिहून दाखवा, बरेच जण इथेच फसतात.

पैसे नकळत जायची एक जागाही सांगून ठेवा. गुगलच्या जाहिरातीत गाव निवडलं तरी सेटिंग मुळात "Presence or interest" वर असतं. म्हणजे त्या भागात नसलेल्या, पण त्याच्याविषयी शोधणाऱ्या माणसालाही जाहिरात दिसते. दुकानात येऊ शकणाऱ्यांनाच दाखवायची असेल तर ते बदलून "Presence" करायचं. शिवाय रोजचं बजेट ३०० ठेवलं तरी एखाद्या दिवशी दुप्पटपर्यंत खर्च होऊ शकतो आणि महिन्याच्या हिशोबात तो जुळवला जातो, त्यामुळे पहिल्याच दिवशी ६०० गेलेले पाहून घाबरून बंद करू नये. फेसबुकवरच्या लाइकना मात्र मी या वहीत जागा देणार नाही. त्याचं बिल फुटत नाही.

सभेकडून मागणी छोटी ठेवा. सगळ्यांचे हात वर करून घेऊ नका. ज्यांचा फळ्यावरचा हिशोब तिसात एकच्या आसपास बसतो, असे पाच-सहा जण पुढे आले तरी पुरे. त्यांनी एकच अट आधी लिहून द्यावी: ४५० क्लिक झाल्यावर वही उघडायची, आणि १५ च्या जागी ३-४ च नवी गिऱ्हाइकं दिसत असतील तर तिथेच थांबायचं. पैसे गेले म्हणून आणखी पैसे घालायचे नाहीत. मात्र थांबण्याआधी फोनचे मिस्ड कॉल आणि न वाचलेले मेसेज तपासा. विचारणा झाली आणि उत्तरच गेलं नाही, असं दिसलं तर दोष जाहिरातीचा नसतो. महागडा माल असेल तर माणूस आज बघून दोन-तीन आठवड्यांनी विकत घेतो, तेव्हा अशा दुकानांची वही जाहिरात संपल्यावर आणखी तीन आठवडे चालू ठेवा आणि मगच पुढच्या सभेत आकडे मांडा.