प्रश्न मुलीला लिहू द्या

पत्र : माझी मुलगी बारावी विज्ञानला आहे. फोंड्यात मैत्रिणींसोबत ती खाजन शेतीवर, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या गोव्यातल्या सखल शेतीवर, छोटे व्हिडिओ करते. तज्ज्ञ छान बोलतात, पण त्यातून वीस सेकंदांची एकही क्लिप धड निघत नाही. प्रश्न मी स्वतः लिहून देतो. एक सोबत जोडला आहे. हे तिचे क्षेत्र नाही, नीटचाच अभ्यास कर, असे सांगू का?

उत्तर : प्रश्न तुमचे आणि कमी पडल्याचा ठपका मात्र मुलीवर, हे मला अन्यायाचे वाटते. तिला वैद्यकीय शिक्षण हवे असेल तर तिने नीट जरूर द्यावी, परंतु त्या निर्णयासाठी या क्लिपचा दाखला देऊ नये.

तुमचा प्रश्न असा आहे : "खाजन शेतीचा इतिहास काय, मानशीचे महत्त्व काय आणि आज कोणती आव्हाने आहेत?" मानस म्हणजे खाजनाच्या बांधातली पाणी अडवणारी-सोडणारी दारांची रचना. पण तुमचा प्रश्न ही तीन व्याख्यानांची मागणी आहे. लांब उत्तरातून संपादक हवा तो तुकडा कापून घेईल, हा समज चुकीचा आहे. वाक्य "आणि" वर लोंबकळत असेल व बोलणाऱ्याचा स्वर खाली आलेला नसेल, तर तिथे कापलेले लगेच कानाला खटकते.

त्याऐवजी एकच घडामोड विचारावी : "भरती आली की मानशीच्या दारांचे काय होते?" तरीही पाहुणे "ती आपोआप बंद होतात" एवढेच म्हणतील, आणि क्लिपमध्ये प्रश्न ऐकू येणार नसल्याने "ती" म्हणजे काय हे प्रेक्षकाला कळणार नाही. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वीच त्यांना विनंती करावी की उत्तराची सुरुवात त्या वस्तूच्या नावाने करावी. मग उत्तर असे येते : "भरतीच्या वेळी मानशीची दारे नदीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला नदीची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने तीच दारे उघडतात आणि साचलेले पाणी बाहेर जाते." सावकाश बोलूनही हे वीस सेकंदांत बसते. प्रश्न न ऐकलेल्या व्यक्तीला एवढेच ऐकवावे, तिने "कशाबद्दल?" असे विचारले, तर क्लिप फसली आहे.

पाहुणे लांबले तर त्यांना मध्येच तोडू नये, "हो, हो" असा दुजोराही देऊ नये, कारण तो आवाज उत्तरात मिसळतो. मान डोलवावी, उत्तर संपल्यावर दोन सेकंद शांत राहावे आणि मग म्हणावे, "यातले दारांबद्दलचे तेवढे पुन्हा सांगाल का?" दुसऱ्यांदा सांगताना माणूस बहुधा आटोपशीर बोलतो.

मात्र खाजने पडीक का पडली, हा प्रश्न या साच्यात कोंबू नये. त्याच्या उत्तरात अनेक पण-परंतु असतात. ते कापले की तज्ज्ञांच्या तोंडी भलतेच विधान जाते. ते उत्तर पूर्ण मुलाखतीतच राहू द्यावे.

पुढच्या मुलाखतीचे चार प्रश्न तिला स्वतः लिहू द्या आणि ध्वनिमुद्रण होईपर्यंत ते पाहायला मागू नका.