हॉर्नची खूण आणि अडलेला निरोप

प्रश्न: मोझार्ट-बेथोवनबद्दल वाचताना ‘हा शिकारीचा टॉपिक’, ‘हा लष्करी’, ‘हा ग्रामीण’ असं सारखं दिसतं. शब्दच नसलेल्या सुरांत शिकार येते कुठून? हे लिहिणाऱ्यांच्या मनाचे खेळ नाहीत का?

उत्तर: नाहीत. ‘टॉपिक’ म्हणजे ऐकणाऱ्याला ओळखीचा प्रसंग किंवा जागा आठवून देणारी सुरांची खूण. हे नाव रूढ झालं संगीताचे अभ्यासक लिओनार्ड रॅटनर यांच्या १९८० च्या पुस्तकामुळे, पण त्या खुणा अठराव्या शतकातल्या माणसांच्या कानांत आधीपासूनच होत्या. शिकारीत हॉर्न वाजायचा, पलटणीपुढे ट्रम्पेट आणि नगारे, गावाकडे एकच सूर धरून ठेवणारा बॅगपाइप. सनई ऐकली की आपल्याला मांडव दिसतो, तसंच ते. मी इथे फक्त हॉर्न घेतो, कारण त्याची खूण वाद्याच्या घडणीतूनच आली आहे.

त्या काळच्या हॉर्नला झडपा नव्हत्या. ती एक लांब, गुंडाळलेली नळी. ओठांचा ताण बदलून तिच्यातून नैसर्गिक स्वरमालिकेतलेच सूर निघत. वरच्या भागात सा, रे, ग लागोपाठ मिळतात, पण खाली उतरलं की रे सापडत नाही. हाताशी उरतात मुख्यतः ग, प आणि वरचा सा. म्हणून दोन वादक जोडीने वाजवायला लागले की वरचा ‘ग रे सा’ उतरतो आणि खालचा त्याच वेळी ‘सा प ग’. घरी पेटी असेल तर या जोड्या वाजवून बघा: ग-सा, रे-प, सा-ग. खालच्या ओळीतले प आणि ग मंद्रातले घ्या. मधल्या जोडीत एक पोकळपणा आहे, तीच या वाद्याची सही. पियानोवर किंवा व्हायोलिनवर वाजवली तरी त्या काळच्या श्रोत्याला हॉर्नच ऐकू यायचा.

एवढ्यावर मात्र ‘शिकार’ असा शिक्का मारू नये. शिकारीला घोड्याची दौडही लागते, म्हणजे तीन-तीनच्या दोन गटांत धावणारं जलद सहा-आठचं वजन. मोझार्टच्या १७८४ च्या बी फ्लॅटमधल्या चौकडीची (के. ४५८) सुरुवात अशी आहे: वाद्यं चारही तंतूंची, पण दौड आणि हॉर्नसारखी जोडीची चाल दोन्ही आहेत. ‘शिकार’ हे नाव मोझार्टने दिलेलं नाही, तरी ते चिकटलं. तेच सहा-आठ संथ करा आणि खाली एक सूर धरून ठेवा, लगेच मेंढरं चरायला लागतात. खूण एकटी असेल तर मी फक्त संशय घेतो. दोन-तीन एकत्र आल्या की मगच नाव देतो.

आणि अर्थ सगळ्यात जास्त उघडतो तो खूण मोडली जाते तेव्हा. माझ्यासाठी याचं सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे बेथोवनची पियानो सोनाटा, ओपस ८१अ. मे १८०९ मध्ये नेपोलियनचं सैन्य व्हिएन्नावर चालून येत होतं आणि बेथोवनचा आश्रयदाता व शिष्य, आर्चड्यूक रुडॉल्फ, शहर सोडून निघाला. सोनाटाच्या पहिल्याच तीन सुरांवर बेथोवनने अक्षरं लिहिली आहेत: ‘ले-बे-वोल’, म्हणजे निरोप. ते सूर ई फ्लॅटला सा मानलं तर ग, रे, सा. सोबत तीच हॉर्नची चाल. पण लय संथ आहे, दौड नाही. घोडेस्वार गेले, मागे राहिला तो लांबून येणारा हॉर्न.

आता पेटीवर परत या. ग-सा, रे-प, आणि तिसऱ्या जोडीला सा-ग वाजवताना त्याच्याही खाली, खर्जात, ध दाबा. सा आणि ग आहेत तिथेच आहेत, पण ज्या सावर विसावायचं तिथे अचानक सावली पडते. सहा मात्रापट्ट्यांनंतर (बारनंतर) हॉर्न पुन्हा येतो तेव्हा खाली कोमल ध लागतो, गसुद्धा कोमल होतो, आणि निरोप आणखीनच लांब जातो. तीन सुरांची ओळ, हॉर्नवाल्याला झोपेतही वाजवता येईल अशी, ती पूर्ण होऊ दिली जात नाही. मूळ चाल कानात नसेल तर इथे काही अडलं हे कळणारच नाही. टॉपिक ओळखायचा तो यासाठी.

पहिल्या भागाचा शेवट जरूर ऐका. तिथे निरोपाची चाल दोन उंचींवरून आळीपाळीने येते, एक हाक दुसरीला उत्तर देते. मग हाका एकमेकींवर चढतात: एक सावर पोहोचलेली, तेवढ्यात दुसरीचा रे-प वर सुरू. दोन सुरावटींची टक्कर स्पष्ट ऐकू येते आणि काही जणांना ती छापण्यातली चूक वाटते. मला तिथे गाडी वळणाआड जाताना दिसते, आणि मागे थांबलेला माणूस अजून हाक देतच असतो.