बाईंच्या कार्डावर ‘थँक्यू’ का नाही?

“बाबा, आत्याने फोटो पाठवलाय ना बाईंच्या निरोपाच्या कार्डाचा, त्यात कुणीच बाईंना थँक्यू म्हटलेलं नाही. आणि एकाने तर चक्क ‘तू’ लिहिलंय! बाईंना राग नाही आला? आणि त्या चालल्यात कशाला?”

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. बाई जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आहेत. त्यांची नोकरी एका शाळेची नसते, जिल्ह्याची असते. आत्याची वाडी पाटण तालुक्यात, डोंगरात. अशा शाळा सरकार ‘अवघड क्षेत्रा’त धरतं आणि तिथे ३ वर्षं काढली की शिक्षकाला बदली मागायचा हक्क मिळतो. शिवाय नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील आणि दोघांच्या नोकरीच्या गावांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर त्यांना जवळ आणायची वेगळी सोय आहे. बाईंचे यजमान फलटणला शिक्षक आहेत. जिल्हा एकच, सातारा, पण मध्ये शंभराच्या वर किलोमीटर. त्यांची मुलगी आजीकडे वाढतेय. आता सांग, त्यांनी अर्ज का केला असेल?

पण मुलांच्या बाजूनेही बघ. शिक्षणहक्काच्या कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत. आत्याच्या शाळेत पटावर बावीस पोरं, म्हणून एक बाई आणि एक सर. बाई गेल्या की अर्धी शाळाच गेली. त्यातून बदलीचे आदेश बहुतेक वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतात, तेव्हा शाळेला कुलूप. जूनमध्ये पोरं दप्तर घेऊन येतात तर बाईंच्या खुर्चीवर दुसरंच कुणी. म्हणून यंदा यादीत नाव आल्याचं कळलं तसं सरांनी ठरवलं, १ मेला झेंडावंदन झालं आणि निकाल वाटला की त्याच दिवशी निरोप द्यायचा. कार्ड त्याआधी दोन दिवस बसून केलं. आत्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, ती तिथेच होती, म्हणून मला हे सगळं माहीत.

पहिला प्रयत्न फसला. सरांनी फळ्यावर मजकूर लिहून दिला: “आदरणीय बाई, आपण आम्हांस ज्ञानाचे अमृत पाजले, आपले ऋण आम्ही कधीही विसरणार नाही.” पोरांनी सुबक अक्षरात उतरवून घेतला. आत्या म्हणाली, चार वह्या चाळल्या आणि पाचवी उघडवेना. सगळीकडे तेच अमृत. एकाने तर ‘ऋण’च्या जागी ‘रान’ लिहिलं होतं, म्हणजे काय लिहितोय ते त्याला ठाऊकच नव्हतं. मूल स्वतःचं बोलत नाही हे असं ओळखायचं: वाक्य कुठल्याही बाईंना चालतं, आणि चूक होते ती नेमकी सगळ्यांत मोठ्या शब्दात.

सरांनी फळा पुसला (माणूस समजूतदार!) आणि नुसते तीन प्रश्न विचारले. बाई वर्गात आल्या की आधी काय करतात? बाईंनी तुला एकट्याला कधी काय सांगितलं? बाई तिकडे गेल्यावर त्यांना काय लागेल? ‘बाई तुला का आवडतात’ हे मुद्दाम विचारलं नाही, कारण त्यावर पोरं ‘छान शिकवतात’ म्हणून मोकळी होतात. पहिलीच्यांना अजून जोडाक्षरं येत नाहीत, म्हणून चौथीचा एकेक जण त्यांच्याशेजारी बसला. त्यांनी जे तोंडाने सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. सरांनी लाल पेन खिशातच ठेवलं. ड्रॉइंग शीटवर आधी पेन्सिलने बावीस चौकोन आखून घेतले, नाहीतर मोठी पोरं जागा अडवतात आणि धाकट्यांना कोपरासुद्धा उरत नाही. कडेला घोटीव कागदाची फुलं. नावांऐवजी हजेरी क्रमांक, कारण बाई हजेरी नेहमी क्रमांकानेच घ्यायच्या.

फोटोत तुला सगळी अक्षरं लागली नसतील. मला आवडलेली उतरवून देतो:

“बाई, तुमी खिचडी आमच्या आधी खाता, शिजली का बघाया. नवीन बाई खातील का? क्र. ९, तिसरी.”

“मला सातचा पाढा येत नव्हता. आता येतो. सात आठे छप्पन्न, सात नवे त्रेसष्ट. क्र. ६, दुसरी.”

“फलटणला पाऊस कमी पडतो, आपल्या जिल्ह्याच्या धड्यात आहे. तुमची मोठी छत्री आमाला ठिवून जा. क्र. १७, चौथी.”

“तुमाला राग आला की तुमी चष्मा काढता. आमी लगीच गप बसतो. तिकडच्या पोरांना सांगू नका, त्यांचं त्यांना हुडकू दे. क्र. २०, चौथी.”

“बाई तू परत येशील का? माजी पेन्सिल हरवली तवा तू तुजी अर्दी मोडून दिलीस. क्र. २, पहिली.”

खिचडीचं खरं आहे हं. शाळेतलं जेवण मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून बघायचं असतं. मोठ्यांच्या लेखी तो नियम. पोराच्या लेखी बाई आपल्या आधी दोन घास खातात, बस.

आता तुझा थँक्यू. आपल्याकडे आभार मानायची जागा आहे, पण ती व्यासपीठावर. समारंभाच्या शेवटी कुणीतरी उठतं, पाहुण्यांचे, मांडववाल्याचे, माइकवाल्याचे आभार मानतं. त्या दिवशीही सरांनी शाल-श्रीफळ देऊन ते रीतसर केलं. रोजच्या माणसाचे तसे आभार मानले तर त्याला परकं केल्यासारखं वाटतं. तुझी आजी मला अजून म्हणते, “आभार कसले मानतोस, मी काय शेजारीण आहे?” पोरांनी आभाराच्या जागी काय दिलं ते बघ. दुसरीतल्याने अख्खा पाढा म्हणून दाखवला. पाढा येतो हे बाईंना दाखवण्यापलीकडे तो आणखी काय देणार होता? आणि छत्री मागणारा भामटा नाही, हक्काने मागतोय. ज्याच्याकडे हक्काने मागता येतं ते आपलं माणूस. तिकडे तुझ्या शाळेत मात्र तुझ्या बाईंसाठी, मिस जॉबसाठी, कार्ड करशील तेव्हा थँक्यू अवश्य लिही, तिथे ते न लिहिणं उद्धटपणा ठरेल.

‘तू’चं म्हणशील तर तो पहिलीतला आहे. घरात आई ‘तू’, आजी ‘तू’, आणि देवालाही आपण ‘तू’च म्हणतो. अहो-जाहो शिकायला अजून वर्ष-दोन वर्षं लागतील. लिहून घेणाऱ्या चौथीच्या पोराने ‘तुमी’ करू का म्हणून विचारलं, तेव्हा सर म्हणाले, “तो काय म्हणाला? तेच लिही.” बाईंनी त्याच चौकोनावर बोट ठेवून आत्याला विचारलं, “हे कुणाचं ओ?” हजेरी क्रमांक पाठ असूनही विचारलं. राग आलेला माणूस असं विचारत नाही.

आणि खाली उजव्या कोपऱ्यात तुला जो निळा डाग दिसला, ती सांडलेली शाई नाही. अंगणवाडीतली एक चिमुरडी भावाबरोबर येऊन बसली होती. तिचं नाव पटावर नाही, म्हणून चौकोनही नव्हता. तिने रडून रडून शाळा डोक्यावर घेतली, तेव्हा तिला स्केचपेन दिलं आणि तिने हे काढलं. विचारल्यावर म्हणाली, बाईंची गाडी आहे.

तुझा,
बाबा